अठरा हजार बिलांतून साठ: इंटर्नल ऑडिटमधल्या सॅम्पलिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाकण, भोसरी, तळेगाव, रांजणगाव अशा भागांतल्या कारखान्यांत इंटर्नल ऑडिटला जाणारी आर्टिकल मुलं आणि कंपन्यांच्या ऑडिट विभागात नव्याने आलेली मंडळी आम्हाला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सगळी उत्तरं एकाच उदाहरणावर बेतली आहेत. चाकणची, गाड्यांचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी. एप्रिल ते डिसेंबरमध्ये पास झालेली पुरवठादारांची १८,४६० बिलं. आणि ती नियमाप्रमाणे पास झाली का, हा तपासायचा मुद्दा. कंपनी आणि तिचे आकडे समजावण्यासाठी रचलेले आहेत. त्यातलं गणित मात्र कुठल्याही कंपनीला लागू पडेल.

१. सॅम्पल काढण्याआधी हातात काय हवं?

पूर्ण यादी हवी, आणि ती पूर्ण असल्याचा पुरावाही हवा. अकाउंट्सने मेलवर पाठवलेली एक्सेल फाइल उघडून लगेच बिलं निवडायला बसू नका. जे बिल यादीतच नाही, ते कितीही शास्त्रशुद्ध पद्धत वापरली तरी सॅम्पलमध्ये येणार नाही.

आमच्या उदाहरणात पहिली फाइल १७,९०२ बिलांची आली होती. तिची बेरीज लेजरमधल्या पुरवठादारांच्या जमा बाजूशी जुळवली तेव्हा फरक पडला. शोधल्यावर कळलं, की फाइल काढताना एकाच प्लांटचा कोड टाकला गेला होता. दुसऱ्या छोट्या युनिटची ५५८ बिलं राहून गेली होती. ती मिळवल्यावर १८,४६० झाली आणि बेरीज जुळली.

म्हणून तीन गोष्टी करा. यादीची बेरीज ट्रायल बॅलन्सशी किंवा लेजरशी जुळवा. दस्तऐवज क्रमांकांमध्ये कुठे खंड पडलाय का ते पाहा. फाइल सिस्टिममधून काढली जात असताना शेजारी बसा, किंवा कोणत्या अटी टाकून ती काढली त्याचा स्क्रीनशॉट घ्या. SAP असेल तर पुरवठादारांच्या नोंदींचा रिपोर्ट `FBL1N` चालवताना भरलेला कंपनी कोड, तारखा आणि नोंदींचा प्रकार वर्किंग पेपरमध्ये दिसला पाहिजे.

२. अठरा हजार बिलांना साठ कसे पुरतील? निदान पाच टक्के तरी नकोत का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, त्यामुळे गणित सविस्तर मांडतो.

समजा, एकूण बिलांपैकी ५ टक्के बिलं सदोष आहेत. तुम्ही एक बिल उचललं तर ते निर्दोष निघण्याची शक्यता ०.९५. दोन उचलली तर दोन्ही निर्दोष निघण्याची शक्यता ०.९५ गुणिले ०.९५. असं करत सलग ५९ बिलं निर्दोष निघण्याची शक्यता उरते जेमतेम ०.०४८, म्हणजे पाच टक्क्यांहून कमी. थोडक्यात, दोष खरंच ५ टक्के असते तर ५९ बिलांत निदान एक तरी सापडायला हवा होता. शंभरपैकी पंचाण्णवहून जास्त वेळा तो सापडतोच. एकही सापडला नाही, तर ९५ टक्के भरवशाने म्हणता येतं की सदोष बिलांचं प्रमाण ५ टक्क्यांपेक्षा कमी आहे.

या हिशेबात अठरा हजार हा आकडा कुठेच आलेला नाही. बिलं १ लाख ८० हजार असती तरी ५९ च पुरली असती. एकूण संख्या फार लहान असेल तेव्हाच फरक पडतो: २०० बिलांच्या यादीतून त्याच भरवशासाठी सुमारे ५१ लागतात. ५९ ऐवजी आम्ही ६० घेतो, ते सोयीसाठी.

'यादीच्या पाच टक्के' हा नियम दोन्हीकडून नुकसान करतो. अठरा हजारांवर तो नऊशेहून जास्त बिलं तपासायला लावतो आणि शंभराच्या यादीवर फक्त पाच, जी काहीच सांगत नाहीत.

३. मग नेहमी साठच घ्यायचे का?

नाही. आकडा दोन निर्णयांवर ठरतो. तुम्हाला किती खात्री हवी आहे, आणि किती टक्क्यांपर्यंतचा दोष तुम्ही चालवून घ्याल. ९५ टक्के खात्री आणि ५ टक्के मर्यादा धरली तर ५९. खात्री ९० टक्के चालणार असेल तर ४५. खात्री ९५ टक्केच ठेवून मर्यादा १० टक्क्यांवर नेली तर २९. हे सगळे आकडे एकही चूक सापडणार नाही असं धरून आहेत. एखादी सापडेल अशी आधीच अपेक्षा असेल, तर सुरुवातीलाच जास्त घ्यावे लागतात: ९५ टक्के खात्री, ५ टक्के मर्यादा आणि एका चुकीची मुभा हवी असेल तर ९३.

चालवून घ्यायची मर्यादा ऑडिटरने एकट्याने ठरवू नये. या नियंत्रणामागे दुसरं नियंत्रण आहे का, चुकलं तर पैसे परत मिळतात का, हे पाहून ती ऑडिट प्रमुखाशी बोलून ठरवा आणि तपासणी सुरू होण्याआधी लिहून ठेवा. निकाल हातात आल्यावर मर्यादा सैल करण्याचा मोह प्रत्येकाला होतो.

आठवड्यातून, महिन्यातून किंवा वर्षातून एकदा होणाऱ्या नियंत्रणांना हे गणित लागू होत नाही, कारण मुळात घटनाच कमी असतात. तिथे बऱ्याच फर्ममध्ये साप्ताहिक कामाला सुमारे ५, मासिक आणि तिमाही कामाला २ आणि वार्षिक कामाला १ असा प्रघात आहे.

४. दहा लाखांचं बिल आणि दोन हजारांचं बिल एकाच यादीत ठेवायचं का?

ठेवू नका. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळा भात एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. पुरवठादारांची बिलं तशी नसतात. कच्च्या मालाचं बिल वजनकाट्यावरून आणि स्टोअरमधून येतं, टूल रूमच्या दुरुस्तीचं बिल सुपरवायझरच्या सहीवर येतं. रस्ते वेगळे, म्हणून चुकण्याच्या जागाही वेगळ्या.

आमच्या उदाहरणात १० लाखांवरची २१२ बिलं बाजूला काढली आणि ती सगळी तपासली. तिथे सॅम्पलचा प्रश्नच नव्हता. राहिलेल्या १८,२४८ मधून ६० घेतली. एक इशारा इथेच द्यायला हवा: त्या २१२ मध्ये काय निघालं याचा हिशेब साठांच्या निकालात मिसळायचा नाही. उदाहरणार्थ, '२७२ पैकी ३ सदोष' असं वाक्य चुकीचं ठरतं, कारण २१२ ही रँडम निवडलेली नव्हती.

५. रँडम म्हणजे डोळे मिटून निवडायचं, असंच ना?

हाताने निवडलेलं कधीच रँडम नसतं. माणूस नकळत जाड फाइल टाळतो, महिन्याच्या मधली बिलं उचलतो, पहिलं आणि शेवटचं पान सोडून देतो. अशा निवडीवर प्रश्न २ मधलं गणित लावता येत नाही.

एक्सेलमध्ये `=RAND()` चा रकाना लावून क्रम लावता येतो. पण शीट उघडताच ते आकडे बदलतात, म्हणून आधी ते पेस्ट व्हॅल्यूज करून गोठवा. आम्ही पायथॉन वापरतो, कारण तोच सीड, म्हणजे खालचा `random_state` चा आकडा, दिला की पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणालाही नेमकी तीच बिलं काढून दाखवता येतात.

```python
import pandas as pd
df = pd.read_csv("bills.csv").sort_values("doc_no")
df.sample(n=100, random_state=2417).to_csv("sample.csv")
```

६० हवी असताना इथे १०० काढली आहेत. पहिली ६० तपासायची आणि पुढची ४० त्याच क्रमाने राखीव. ती कशी वापरायची ते प्रश्न ८ मध्ये आहे.

'दर ३०४ वं बिल घ्या' अशी ठरावीक अंतराची पद्धतही चालते, पण यादीत स्वतःची लय असेल तर ती फसवते. पिंपरी-चिंचवड आणि भोसरी पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. त्यामुळे शुक्रवारी दोन दिवसांची बिलं एकदम येतात आणि तपासणी घाईत होते. तुमचं अंतर या लयीशी जुळलं तर शुक्रवारची बिलं वारंवार येतील, किंवा अजिबात येणार नाहीत.

६. सगळा डेटा सिस्टिममध्ये आहे. मग सगळीच बिलं का तपासू नयेत?

जे डेटावरून कळतं ते सगळ्याच बिलांवर तपासा, त्यासाठी सॅम्पल वापरू नका. एकच बिल दोनदा पास झालंय का, दर खरेदी ऑर्डरपेक्षा, म्हणजे पीओपेक्षा, जास्त आहे का, पास करणाऱ्याची मर्यादा ओलांडली आहे का, पीओची तारीख बिलानंतरची आहे का, हे अठरा हजार ओळींवर काही मिनिटांत होतं.

सॅम्पल लागतं ते डेटा आणि वस्तुस्थिती यांच्यातला दुवा तपासायला. आमच्या उदाहरणाचं मर्म इथेच आहे. 'बिलाची तारीख पीओच्या आधीची' ही चाचणी सगळ्या बिलांवर चालवली तेव्हा एकही अपवाद निघाला नाही. निकाल इतका स्वच्छ होता की तो मुद्दा तिथेच बंद झाला असता. साठ बिलांचे मूळ कागद काढले तेव्हा तीन बिलांवर छापलेली तारीख सिस्टिममधल्या तारखेच्या आधीची निघाली, आणि पीओ त्या छापील तारखेनंतर तयार झाला होता. म्हणजे काम आधी, बिल नंतर, आणि मंजुरी सगळ्यात शेवटी. डेटाने हे लपवलं, कारण डेटाच चुकीचा भरला होता. तो का चुकला ते प्रश्न ११ मध्ये.

७. एका बिलात नेमकं काय पाहायचं? आणि बिलावरूनच सुरुवात करायची का?

प्रत्येक चाचणी हो-नाही उत्तराची हवी, आणि कोणता कागद पाहून ते उत्तर दिलं हे लिहिलेलं हवं. 'बिल बरोबर आहे का' ही चाचणी नव्हे. आम्ही चार ठेवल्या होत्या:

क) छापील बिलाच्या तारखेआधी पीओ मंजूर होता.
ख) जीआरएनमधली, म्हणजे माल मिळाल्याच्या नोंदीतली, संख्या बिलातल्या संख्येइतकी किंवा जास्त आहे, आणि जीआरएनला गेट एंट्रीचा आधार आहे.
ग) दर पीओतला आहे.
घ) मंजुरी देणाऱ्याला त्या रकमेचा अधिकार होता.

चारही चाचण्यांचा निकाल स्वतंत्रपणे मोजायचा. एका बिलात दोन दोष असतील तर ते दोन ठिकाणी धरले जातात.

सुरुवात कुठून करायची हे तुमच्या शंकेवर ठरतं. पास झालेल्या बिलावरून मागे जीआरएनकडे गेलात, तर न आलेल्या मालाचे पैसे दिले का हे कळतं. आलेल्या मालाचं बिल नोंदवायचंच राहिलं का, हे त्या मार्गाने कधीच कळणार नाही, कारण न नोंदवलेलं बिल यादीतच नसतं. त्यासाठी गेट रजिस्टर किंवा जीआरएनवरून बिलाकडे यावं लागतं. ते दुसरं सॅम्पल, दुसऱ्या यादीतून काढलेलं.

८. निवडलेलं बिल रद्द झालेलं निघालं, चाचणी लागूच होत नाही, किंवा कागदच सापडत नाही. काय करू?

तिन्ही प्रसंग वेगळे आहेत, आणि इथेच सॅम्पल नकळत बिघडतं.

बिल रीतसर रद्द झालेलं असेल, उलटी नोंद दिसत असेल, तर ती नोंद पाहून घ्या आणि राखीव यादीतलं पुढचं बिल घ्या. पुढचंच, सोयीचं नव्हे.

चाचणी लागू होत नसेल, तर त्या चाचणीपुरतं सॅम्पल कमी झालं असं धरा. आमच्या साठांत ११ बिलं दुरुस्तीसारख्या सेवांची होती, त्यांना जीआरएन नसतोच. म्हणजे 'ख' चाचणी प्रत्यक्षात ४९ बिलांवरच झाली. तिथे चूक शून्य होती, पण ४९ पैकी शून्यावरून कमाल प्रमाण ५.९ टक्के निघतं, आपली मर्यादा ५ ची. म्हणून राखीव यादीतून, जीआरएन असलेली ११ बिलं होईपर्यंत क्रमाने पुढे गेलो. 'साठ तपासले, चूक नाही' असं लिहिलं असतं तर ते खरं ठरलं नसतं.

कागदच सापडत नसेल, तर तो अपवाद. बदली बिल घ्यायचं नाही. वाजवी मुदत द्या, आम्ही कामाचे तीन दिवस देतो, आणि त्यानंतर 'पुरावा उपलब्ध नाही' म्हणून तो मोजा. हरवलेल्या कागदाच्या जागी दुसरं बिल घेत गेलात, तर सगळ्यात वाईट बिलं आपोआप बाहेर पडतील.

९. साठात तीन चुका म्हणजे पाच टक्के. मर्यादाही पाच टक्के. मग आपण मर्यादेत आहोत ना?

नाही. ५ टक्के हे सॅम्पलमधलं प्रमाण आहे. सगळ्या १८,२४८ बिलांत ते याहून बरंच जास्त असू शकतं, आणि 'किती जास्त' हाच खरा प्रश्न आहे. एक्सेलमध्ये ती वरची मर्यादा अशी निघते:

```
=BETA.INV(0.95, 3+1, 60-3)
```

उत्तर येतं सुमारे १२.४ टक्के. म्हणजे ९५ टक्के भरवशाने इतकंच म्हणता येतं, की सदोष बिलं १२.४ टक्क्यांहून जास्त नसतील. आपल्याला ५ टक्क्यांची खात्री हवी होती, ती मिळाली नाही. नियंत्रण चालतंय असा निष्कर्ष काढता येणार नाही.

साठात एक चूक असेल तर हीच मर्यादा ७.७ टक्के आणि शून्य असेल तर ४.९. म्हणजे साठाच्या सॅम्पलमध्ये ५ टक्क्यांच्या मर्यादेत एकाही चुकीला जागा नाही. आमच्या 'ग' चाचणीत एकाच बिलात दर चुकीचा निघाला, तरी ती चाचणी नापास झाली.

१०. एक चूक निघाली तर आणखी साठ घेऊन बघता येईल का?

आधीचे साठ मोजणीत ठेवून वाढवत असाल, आणि तो नियम आधीच लिहून ठेवला असेल, तर येईल. साठात एक चूक आणि पुढच्या साठात शून्य, म्हणजे १२० पैकी एक. हा आराखडा मूळ खात्रीच्या जवळपास राहतो.

आधीचे साठ बाजूला टाकून नवे साठ घेणं मात्र चुकीचं आहे. दोष खरोखर ५ टक्के असताना साठ स्वच्छ निघण्याची शक्यता सुमारे साडेचार टक्के असते. दुसरी संधी दिली की ती ९ टक्के होते, तिसरी दिली की १३. पुरेशा वेळा काढलं तर कुठलीही यादी पास होईल. कामाची मुदत जवळ आली की 'हे सॅम्पल नीट आलं नाही' असं कुणी सुचवलं, तर त्याला हा हिशेब दाखवा.

तीन चुका निघाल्यावर सॅम्पल वाढवण्यात वेळ घालवू नका. तिथून पुढचं काम कारण शोधण्याचं आहे.

११. "ही एखाद-दुसरी सुटी घटना आहे," असं विभाग म्हणतो. मान्य करायचं का?

सुटी आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी म्हणणाऱ्याची, आणि त्याला पुरावा लागतो. 'त्या दिवशी नवीन मुलगा बसला होता' हे कारण असेल, तर त्या मुलाने केलेल्या सगळ्या नोंदी बाहेर काढा. त्या नीट निघाल्या तर ते कारण खोटं ठरतं. बिघडलेल्या निघाल्या तर घटना सुटी राहत नाही.

आमच्या तीन बिलांचं काय झालं ते पाहू. तिन्ही टूल रूमच्या दुरुस्तीची होती, दोन वेगवेगळ्या पुरवठादारांची. आम्ही टूल रूमच्या सुपरवायझरशी आणि बिलं भरणाऱ्या क्लार्कशी वेगवेगळं बोललो. रात्रपाळीत डाय तुटला की लाइन थांबते. सुपरवायझर फोन करून भोसरीच्या वर्कशॉपला बोलावतो, काम त्या रात्रीच होतं, बिल दुसऱ्या दिवशी येतं आणि पीओ आठवड्याने बनतो. आता क्लार्क ते बिल भरायला बसतो. सिस्टिममध्ये कधीतरी एक तपासणी बसवलेली होती: बिलाची तारीख पीओआधीची असेल तर नोंद स्वीकारायचीच नाही. अडलेला क्लार्क छापील तारखेऐवजी नोंदीची तारीख टाकतो आणि बिल पुढे सरकतं. म्हणजे उशिरा मंजुरी रोखण्यासाठी बसवलेलं नियंत्रणच खोट्या तारखा तयार करत होतं. प्रश्न ६ मधला स्वच्छ निकाल तिथून आला होता.

कारण कळल्यावर व्याप्ती मोजायला नवा मार्ग मिळाला. पुरवठादाराने स्वतःच्या विवरणपत्रात टाकलेली बिलाची तारीख जीएसटीआर-२बी मध्ये येते. सिस्टिममधली तारीख आणि ती तारीख, जीएसटीआयएन आणि बिल क्रमांकावरून जुळवली. १८,२४८ पैकी १६,९०२ बिलं जुळली. त्यांत ६११ बिलांच्या तारखा वेगळ्या निघाल्या. खरी तारीख धरल्यावर ४२८ बिलांत पीओ नंतरचा होता, आणि त्यातली ३९१ टूल रूमची होती. न जुळलेली १,३४६ बिलं, म्हणजे नोंदणी नसलेले पुरवठादार आणि बिल क्रमांक वेगळ्या पद्धतीने टाकलेली, यांच्याबद्दल या चाचणीने काहीच सांगितलेलं नाही. अहवालात तसंच लिहायचं.

१२. ड्राफ्ट पाठवल्यावर विभागाने मंजुरीचा कागद आणून दिला. अपवाद काढून टाकायचा का?

कागद केव्हा तयार झाला ते पाहा. मंजुरीचा ईमेल बिलाच्या आधीचा असेल आणि फक्त फाइलला लावायचा राहिला असेल, तर नियंत्रण चाललं होतं. अपवाद काढा, हवं तर कागदपत्रं ठेवण्याबद्दल स्वतंत्र निरीक्षण लिहा. सही आज करून मागची तारीख टाकली असेल तर अपवाद राहतोच, कारण पैसे गेले त्या दिवशी मंजुरी नव्हती. शिवाय मागची तारीख टाकणं ही मूळ अपवादापेक्षा गंभीर बाब आहे, ती लगेच ऑडिट प्रमुखाला सांगा. ईमेलची प्रिंट स्वीकारू नका. मूळ ईमेल पाठवणाऱ्याच्या मेलबॉक्समध्येच उघडून पाहा.

१३. तीन चुकीच्या बिलांवरून एकूण किती रुपयांचं नुकसान झालं ते काढता येईल का?

या सॅम्पलवरून नाही. इथे प्रत्येक बिल सारखंच मोजलं आहे, दोन हजारांचंही आणि नऊ लाखांचंही. शिवाय उशिरा पीओ म्हणजे जास्त पैसे गेले असं नव्हे. रकमेचा अंदाज हवा असेल, तर प्रत्येक रुपया एक एकक धरून निवड करणारी वेगळी पद्धत लागते, ज्यात मोठ्या बिलाची निवड होण्याची शक्यता त्याच्या रकमेच्या प्रमाणात वाढते. तिचं नियोजन सुरुवातीपासून वेगळं असतं. सापडलेल्या बिलांची प्रत्यक्ष रक्कम मात्र जरूर द्या.

१४. अहवालात हे कसं लिहायचं? नमुना मिळेल का?

आयआयएची ९ जानेवारी २०२५ पासून लागू झालेली जागतिक मानकं असोत किंवा आयसीएआयची इंटर्नल ऑडिटची मानकं, वाचणाऱ्याला चार गोष्टी कळायला हव्यात: काय व्हायला हवं होतं, काय झालं, का झालं, आणि त्याने काय बिघडलं. आमचं निरीक्षण असं होतं:

"खरेदी धोरणानुसार काम देण्याआधी पीओ मंजूर हवा. १० लाखांपर्यंतच्या १८,२४८ बिलांतून रँडम निवडलेल्या ६० पैकी ३ बिलांत पीओ बिलानंतर तयार झाला. यावरून सगळ्या बिलांतलं प्रमाण ९५ टक्के खात्रीने १२.४ टक्क्यांपर्यंत असू शकतं, स्वीकारलेली मर्यादा ५ टक्के होती. जीएसटीआर-२बी शी जुळलेल्या १६,९०२ बिलांची पूर्ण तपासणी केली असता अशी ४२८ बिलं आढळली, पैकी ३९१ टूल रूमची. रात्रीच्या तातडीच्या दुरुस्तीसाठी मंजुरीचा मार्ग नसणं आणि सिस्टिमने मूळ तारीख न स्वीकारणं ही कारणं आहेत. परिणामी दर ठरवण्याआधीच काम होतं, आणि चुकीच्या तारखांमुळे पुरवठादाराला १८० दिवसांत पैसे न दिल्यास इनपुट टॅक्स क्रेडिट परत करण्याचा हिशेबही चुकतो."

शिफारस लिहिताना 'कर्मचाऱ्यांना सूचना द्याव्यात' एवढ्यावर थांबू नका. क्लार्कला कितीही सूचना दिल्या तरी सिस्टिम नोंद घेणारच नव्हती. आम्ही सुचवलं की तातडीच्या कामासाठी पीओचा वेगळा प्रकार असावा, त्याला प्लांट प्रमुखाची मंजुरी तीन दिवसांत लागावी, सिस्टिमने जुनी तारीख स्वीकारून त्यावर खूण करावी, आणि अशा बिलांची यादी दर महिन्याला खरेदी प्रमुखाकडे जावी.

१५. सॅम्पलमध्ये काही आलं नाही, म्हणजे घोटाळा नाही असं म्हणता येईल?

नाही. अठरा हजारांत दहा बनावट बिलं असतील, तर साठाच्या सॅम्पलमध्ये त्यातलं एकही न येण्याची शक्यता ९६ टक्क्यांच्या पुढे आहे. घोटाळा शोधायला नेम धरूनच बिलं निवडावी लागतात. मंजुरीची मर्यादा ५०,००० असताना एकाच पार्टीची ४८-४९ हजारांची लागोपाठ बिलं. पुरवठादार आणि कर्मचारी यांचं बँक खातं एकच. प्लांट गुरुवारी बंद असताना गुरुवारच्या तारखेचे जीआरएन. अशी निवड जरूर करा, पण तिचा निकाल प्रश्न ९ च्या गणितात घालू नका. ती रँडम नाही.

संशयास्पद काही सापडलं तर विभागाशी ड्राफ्ट चर्चा करण्याआधी ऑडिट प्रमुखाकडे जा आणि मूळ कागदांच्या प्रती आधी सुरक्षित करा.

१६. विभागाने सुधारणा केली म्हणतो. पुन्हा तपासताना जुनीच बिलं पाहायची का?

जुन्या तीन बिलांची कागदपत्रं दुरुस्त झाली म्हणून नियंत्रण सुधारलं असं होत नाही. नवी पद्धत ज्या तारखेला लागू झाली, त्यानंतरचीच बिलं घ्या, आणि निदान दोन-तीन महिने जाऊ द्या, म्हणजे पुरेशी बिलं जमतील. आमच्या उदाहरणात फक्त टूल रूमची यादी घेतली, कारण दोष तिथे होता. पूर्ण यादीतून साठ काढले असते तर टूल रूमची मोजकीच आली असती. जीएसटीआर-२बी ची चाचणी सगळ्या बिलांवर पुन्हा चालवली, आणि तातडीच्या पीओंवर प्लांट प्रमुखाची मंजुरी तीन दिवसांत पडली का हे सिस्टिममधल्या वेळेच्या नोंदीवरून पाहिलं.